घड्याळातलं दुसरं सिम आणि बिलातली दुसरी ओळ

प्रश्न: सेल्युलर स्मार्टवॉच घ्यायचा विचार आहे. वॉचवर फोनचाच नंबर चालतो म्हणतात. मग एकच सिम दोन ठिकाणी कसं चालतं? वॉच माझ्या फोनचाच डेटा खाणार का? आणि आत्ताच्या प्लॅनवर दर महिन्याला नेमकं काय वाढतं? फोन घरी ठेवून तासभर पळायला जातो, तेव्हा कॉल आणि ओटीपी मिळावेत एवढीच गरज आहे.

उत्तर:

एकच सिम दोन ठिकाणी चालत नाही. वॉचमध्ये स्वतंत्र सिम असतं, फक्त ते दिसत नाही. तुमच्या बाकीच्या शंकांची उत्तरं बरीचशी यातूनच निघतात, म्हणून आधी हे नीट समजून घेऊ.

सिममध्ये कामाच्या दोन गोष्टी असतात: ग्राहकाचा ओळख क्रमांक, ज्याला आयएमएसआय म्हणतात, आणि एक गुप्त किल्ली, जी चिपमधून कधीच बाहेर येत नाही. लोक ज्याला ‘माझा नंबर’ म्हणतात तो सिमवर अवलंबून नसतो. अमुक आयएमएसआय म्हणजे अमुक मोबाइल नंबर, ही जोडी ऑपरेटरच्या डेटाबेसमध्ये असते. एक आयएमएसआय एका वेळी एकाच ठिकाणी आहे असं नेटवर्क धरून चालतं. तीच ओळख दुसऱ्या उपकरणातून आली की पहिल्याची नोंद पुसली जाते. त्यामुळे फोनच्या सिमची नक्कल करून ती वॉचमध्ये घालणं शक्य झालं असतं तरी उपयोगाचं नव्हतं. फोन आणि वॉच एकमेकांना सतत नेटवर्कबाहेर ढकलत राहिले असते.

म्हणून वॉचमध्ये कायमची बसवलेली ई-सिम चिप असते आणि तिच्यावर ऑपरेटर एक वेगळं प्रोफाइल उतरवतो. त्याचा आयएमएसआय वेगळा, किल्ली वेगळी आणि बऱ्याच ऑपरेटरांकडे पडद्यामागचा एक मोबाइल नंबरसुद्धा वेगळा. हा नंबर तुम्ही कुणाला द्यायचा नसतो, त्यावर कुणी फोन करायचा नसतो. पण तो बिलावर किंवा ऑपरेटरच्या ॲपमध्ये कधीतरी डोकावतो आणि मग ‘माझ्या नावावर हा अनोळखी नंबर कुणाचा?’ म्हणून लोक घाबरून तक्रार करतात. आमच्याकडे वॉचबद्दल येणाऱ्या फोनांमध्ये हा प्रश्न नेहमीचा.

आता दोन सिमांवर नंबर एक कसा? ती जोडणी नेटवर्कच्या आत होते. फोर-जीवरचा कॉल, म्हणजे व्होल्टी, आयएमएस नावाच्या यंत्रणेतून जातो आणि तिथे एकाच सार्वजनिक नंबराखाली अनेक उपकरणांची नोंद करता येते. कुणी तुमचा नंबर लावला की यंत्रणा त्या नंबराखाली नोंदलेली सगळी उपकरणं शोधते आणि सगळ्यांना एकदम रिंग देते. दारावरची बेल एकच, पण ती दोन खोल्यांत वाजावी, तसं. ज्याने आधी उचललं त्याला कॉल मिळतो आणि दुसऱ्याला ‘दुसरीकडे उचलला’ असा निरोप देऊन रिंग थांबवली जाते. म्हणूनच वॉचवर बोलून घरी आल्यावर फोनवर मिस्ड कॉल दिसायला नको. दिसत असेल तर तो निरोप नीट पोहोचत नाही एवढंच, नंबराची जोडणी चालू आहे. वॉचवरून तुम्ही कॉल केलात की नेटवर्क पडद्यामागचा नंबर झाकून समोरच्याला फोनचाच नंबर दाखवतं. प्रत्येक ऑपरेटर या सेवेला वेगळं नाव देतो. व्हेरायझन तिला नंबरशेअर म्हणते, एटी अँड टी नंबरसिंक, व्होडाफोन वननंबर. कल्पना तीच.

यातून एक गोष्ट लक्षात घ्या. नंबरावर लावलेल्या सेवा या वाटपाच्या आधी चालतात. तुम्ही सगळे कॉल दुसऱ्या नंबरावर वळवून ठेवले असतील, तर कॉल आधीच वळतो आणि वॉच गप्प राहतं. वॉच वाजत नाही म्हणून आलेली तक्रार हाताळताना मी कॉल फॉरवर्डिंग सर्वांत आधी बघतो.

डेटाचं उत्तर ‘कधी हो, कधी नाही’ असं आहे, आणि ते वॉच त्या क्षणी कुठल्या रस्त्याने इंटरनेटवर आहे यावर ठरतं. वॉचची बॅटरी एवढीशी असते, त्यामुळे त्यातला मोबाइल रेडिओ शक्यतो झोपवून ठेवलेला असतो. फोन जवळ असला की वॉच ब्लूटूथवरून फोनच्याच जोडणीवर चालतं. तेव्हा खर्च झालेला प्रत्येक केबी फोनच्या खात्यात पडतो, वॉचच्या सिमचा त्यात संबंधच नाही. फोन लांब गेला आणि ओळखीचं वाय-फाय सापडलं तर वॉच त्यावर जातं. दोन्ही नसतील तेव्हाच त्याचा स्वतःचा रेडिओ जागा होतो, आणि तेवढाच वापर वॉचच्या सिमवर मोजला जातो.

हा मोजलेला वापर शेवटी कुठून वजा होतो हे तांत्रिक नाही, व्यापारी गणित आहे. नेटवर्कमध्ये नोंद वॉचच्या आयएमएसआयवर होते. काही ऑपरेटर ती नोंद मुख्य नंबराच्या डेटामधून वळती करतात, काही वॉचला थोडा वेगळा डेटा देतात, काही अमर्याद म्हणतात आणि ठरावीक वापरानंतर वेग कमी करतात. प्लॅन घेताना एकच प्रश्न विचारा: वॉचचा डेटा मुख्य प्लॅनमधून जातो की त्याचा स्वतःचा आहे, आणि संपल्यावर काय होतं? डेटा बंद होणं, वेग उतरणं आणि जादा वापराचे पैसे लागणं, ही तीन वेगवेगळी उत्तरं आहेत आणि बिलावर त्यांचा परिणामही वेगळा.

आता तुमचा पळण्याचा तास घेऊ. फोन घरी, चार्जिंगला लावलेला, घरच्या वाय-फायवर.

दारातून बाहेर पडून थोडं अंतर गेलात की ब्लूटूथ तुटतं. वॉच काही क्षण वाय-फाय शोधतं आणि मग मोबाइल नेटवर्क पकडतं. हे बदलणं तत्काळ होत नाही. जिन्यात असतानाच कॉल आला तर तो फक्त घरातल्या फोनवर वाजून जाऊ शकतो. एकदा वॉचने आयएमएसवर नोंद केली की पुढचे कॉल दोन्हीकडे वाजतात. इथे एक घरगुती अडचण येते. घरात कुणी फोन वाजतोय म्हणून उचलला तर कॉल तिकडे गेला, आणि कुणी कापला तर बऱ्याच नेटवर्कांत तुमच्या मनगटावरची रिंगही थांबते. पळायला जाताना फोन सायलेंट करून ठेवला की पुरे.

दहा मिनिटं बोललात तर डेटा किती गेला? बहुतेक ऑपरेटरांकडे शून्य. व्होल्टीचा आवाज इंटरनेटच्या डेटापासून वेगळ्या मार्गाने जातो आणि तो प्लॅनमधल्या बोलण्याच्या मिनिटांत धरला जातो. बॅटरीचं मात्र शून्य नसतं. ॲपलने २०१७ मध्ये आपलं पहिलं सेल्युलर वॉच, सिरीज ३, आणलं तेव्हा एलटीईवर सलग बोलण्याचा वेळ कंपनीने स्वतःच एक तास सांगितला होता. नंतर तो वाढला, तरी मनगटावरून लांबलचक गप्पा मारणं हे या वस्तूचं काम नव्हे. सिग्नल कमजोर असलेल्या रस्त्याने पळत असाल तर रेडिओला जास्त जोर लावावा लागतो आणि बॅटरी आणखी लवकर उतरते.

खरा डेटा गाणी खातात. २५६ केबीपीएसचं गाणं ऑनलाइन ऐकलं तर सेकंदाला ३२ केबी, म्हणजे तासाला साधारण ११५ एमबी. महिन्यात २० दिवस पळालात तर २.३ जीबी. तीच गाणी आदल्या रात्री वाय-फायवर वॉचमध्ये उतरवून घेतली तर हा आकडा नाहीसा होतो आणि बॅटरीही टिकते. सूचना, हवामान, थोडा नकाशा यांचा वापर त्या मानाने किरकोळ असतो. गाणी उतरवून घेणाऱ्या माणसाला वॉचसाठी मोठा डेटा असलेला महाग प्लॅन घेण्याचं कारण मला दिसत नाही.

आणि आता ओटीपी. तुमच्या गरजेतला हाच भाग नाजूक आहे. कॉल नेटवर्कमधून थेट वॉचवर येतो, पण साध्या एसएमएसचं तसं असेलच असं नाही. ॲपल वॉचबद्दल कंपनीचं सांगणं असं आहे: फोन जवळ नसताना एसएमएस आणि इतर ॲपच्या सूचना मिळायच्या असतील, तर जोडलेला आयफोन चालू हवा आणि तो वाय-फाय किंवा मोबाइल नेटवर्कवर हवा. तो जवळ असण्याची गरज नाही. म्हणजे एसएमएस आधी घरातल्या फोनवर उतरतो आणि तिथून इंटरनेटमार्गे तुमच्या मनगटावर येतो. फोन घरी चार्जिंगला असेल तर ओटीपी येईल. फोनची बॅटरी संपून तो बंद पडला असेल तर वॉचवर कॉल येत राहतील, पण ओटीपीचा भरवसा नाही. अँड्रॉइडशी जोडलेल्या वॉचमध्ये ऑपरेटर आणि कंपनीप्रमाणे दोन्ही प्रकार सापडतात. कुठे मेसेज नेटवर्कमधून थेट येतो, कुठे फोन तो पुढे पाठवतो. सॅमसंगच्या वॉचमध्ये यासाठी फोनवरच्या ॲपमध्ये दूरस्थ जोडणीची सेटिंग असते, ती चालू नसेल तर फोन दूर गेल्यावर सूचना येणं बंद होतं.

व्हॉट्सॲपचा विचार यात मिसळू नका. त्याचा नंबराच्या वाटपाशी संबंध नाही, ते ॲप वॉचवर स्वतः किती चालतं यावर सगळं आहे.

हे सगळं तुमच्याकडे खरंच चालतं का हे घरीच तपासता येतं, पण लोक तपासणी चुकीची करतात. फोन विमान मोडवर टाकतात, वॉचवरून कॉल लावतात, कॉल लागतो, खूश होतात. कॉल कदाचित वाय-फायवरून गेलेला असतो, कारण फोनवर ‘इतर उपकरणांवर वाय-फाय कॉलिंग’ चालू असेल तर वॉच घरच्या वाय-फायवरूनही फोनचा नंबर वापरू शकतं. आयफोनवर आणखी एक गंमत आहे. कंट्रोल सेंटरमधून ब्लूटूथचं बटण बंद केलं तरी वॉचशी असलेली जोडणी तुटत नाही. ती तोडायची तर सेटिंगमध्ये जाऊन ब्लूटूथ बंद करावं लागतं.

म्हणून अशी तपासणी करा. आयफोनच्या सेटिंगमधून ब्लूटूथ बंद करा, वॉचच्या सेटिंगमधून वाय-फाय बंद करा, फोन मात्र नेटवर्कवर चालू राहू द्या. ॲपल वॉचच्या कंट्रोल सेंटरमध्ये मोबाइल नेटवर्कचं चिन्ह आता हिरवं झालं पाहिजे. पांढरं असेल तर प्लॅन आहे पण वॉच अजून दुसऱ्या रस्त्याने जोडलेलं आहे. हिरवं झाल्यावर दुसऱ्या कुणाच्या फोनवरून स्वतःला कॉल करा: दोन्हीकडे वाजलं पाहिजे. वॉचवरून उलट कॉल करा आणि समोर कुठला नंबर दिसतो ते बघा. अनोळखी नंबर दिसला तर सिम चालू आहे पण नंबराची जोडणी झालेली नाही, आणि हे वॉच परत परत रीसेट करून सुटत नाही, ते ऑपरेटरनेच सोडवायचं असतं. मग एखादा ओटीपी मागवा. शेवटी फोन पूर्ण बंद करून पुन्हा स्वतःला कॉल करा. समोरच्याला ‘हा नंबर बंद आहे’ ऐकू येत असेल आणि वॉचवर सिग्नल भरपूर असेल, तरीही दोष त्याच जोडणीत असतो. याच वेळी एक ओटीपी मागवून पाहिलात तर तुमच्याकडे मेसेज कुठल्या वाटेने येतो तेही कळेल.

जोडणी बनते कशी हे थोडक्यात सांगतो, म्हणजे अडलं तर कुठे अडलं ते कळेल. वॉचच्या ॲपमधून प्लॅन जोडताना फोन ऑपरेटरच्या सर्व्हरला विचारतो की या नंबराला ही सेवा द्यायची परवानगी आहे का. या पायरीवर नकार आला तर कारण बहुधा खात्यात असतं: प्लॅन जुना आहे, प्रीपेड नंबराला ही सेवा नाही, किंवा नंबर कंपनीच्या नावावर आहे आणि नवी जोडणी घ्यायचा अधिकार तुमच्याकडे नाही. परवानगी मिळाली की वॉचच्या ई-सिम चिपचा ३२ अंकी ओळख क्रमांक, ज्याला ईआयडी म्हणतात, ऑपरेटरकडे जातो, त्या चिपसाठी प्रोफाइल तयार होतं आणि वॉच ते उतरवून घेतं. इथे अडलं तर इंटरनेट तपासा, आणि वॉच जुनं विकत घेतलेलं असेल तर त्यात आधीच्या मालकाचं प्रोफाइल राहिलंय का ते बघा. तिसरी पायरी नेटवर्कमध्ये दोन्ही सिम एका नंबराखाली आणण्याची. पहिल्या दोन झाल्या आणि ही राहिली, तर वरच्या तपासणीत दिसतो तो अनोळखी नंबर.

फोन आणि वॉच दोन्ही एकाच ऑपरेटरवर का लागतात, हेही यातच आलं. दोन नेटवर्कांच्या डेटाबेसमध्ये एक नंबर असा वाटता येत नाही. म्हणून मुख्य नंबर दुसऱ्या ऑपरेटरकडे पोर्ट केला की वॉचची जोडणी मागेच राहते आणि नव्याकडे ती पहिल्यापासून घ्यावी लागते. फोनमध्ये दोन सिम असतील तर फोन जवळ असताना दोन्ही नंबरांचे कॉल वॉचवर येतात, पण वॉच स्वतःच्या नेटवर्कवर गेलं की ज्या नंबराला प्लॅन जोडला आहे त्याच्यावरच विसंबा.

आता प्लॅनवर काय वाढतं. तुम्ही डेटा विकत घेत नाही, एक जादा जोडणी भाड्याने घेता. म्हणून महिन्याची रक्कम वापरावर फारशी ठरत नाही, महिनाभर वॉच फोनच्या शेजारीच राहिलं तरी ती लागते. तिच्यावर कर चढतो, काही ठिकाणी सुरुवातीला जोडणी शुल्क एकदा घेतात, आणि पहिले काही महिने मोफत असतील तर त्यानंतरचं भाडं आपोआप सुरू होतं. हिशेब वॉचच्या आयुष्याचा करा. साधं वॉच आणि सेल्युलर वॉच यांच्या किमतीतला फरक, अधिक महिन्याचं भाडं करासकट गुणिले ३६ महिने, असं मांडलं की बहुतेक वेळा भाड्याचा आकडाच मोठा निघतो. त्याला फोनशिवाय घालवलेल्या तासांनी भागा. तुम्ही महिन्यात २० तास पळता, म्हणजे तीन वर्षांत ७२० तास. एका तासाचा भाव समोर आला की निर्णय तुमचा तुम्हालाच घेता येईल. पळताना फोन खिशात चालत असेल तर मी साधंच वॉच घ्या म्हणेन.

परदेशी जात असाल तर वॉचच्या सिमला रोमिंग आहे का हे वेगळं विचारा. फोनच्या रोमिंग पॅकमध्ये ते येतं असं धरू नका, कारण ती वेगळी जोडणी आहे आणि तिथल्या नेटवर्कच्या फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्या तुमचं मॉडेल पकडतं की नाही हा आणखी वेगळा प्रश्न.

वॉच विकताना किंवा बदलताना एक गोष्ट जरूर करा. फोनपासून वॉच वेगळं करताना प्लॅन ठेवायचा की काढायचा असं विचारलं जातं. ‘काढा’ म्हटल्यावर वॉचमधलं प्रोफाइल पुसलं जातं. ऑपरेटरच्या बिलिंगमधली जोडणी त्यानेच बंद होईल याची खात्री नाही. ती वेगळी सांगून बंद करावी लागते, आणि सांगताना तुमचा नेहमीचा नंबर देऊ नका, नाहीतर घाईत तोच बंद व्हायचा. बिलावरचा तो पडद्यामागचा नंबर वाचून सांगा, बंद केल्याचा मेसेज घ्या आणि पुढच्या बिलात ती ओळ गेली का ते पाहा.